पाहुण्यांच्या दोन जागा

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांची तक्रार करतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. नृसिंहराव मुळ्यांनी सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं. जिल्हा परिषदेच्या कचेरीत सारा जन्म घालवून, कुणाचा चहासुद्धा फुकट न पिता ते बाहेर पडले होते. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवण्याची कला त्यांना अवगत नव्हती.

सोसायटी सावेडीतली, अठरा फ्लॅटची. गाड्या होत्या चौदा घरांकडे आणि खांबांमधल्या झाकलेल्या जागा होत्या अकरा. पहिल्यापासून चौघेजण सांगत आले होते की आमची जागा आम्ही बिल्डरकडून विकत घेतलीय. बाकीच्यांत जो आधी येईल तो गाडी लावी आणि जो उशिरा येईल तो खालूनच आरडाओरडा करी. नृसिंहरावांनी सभा बोलावली आणि शांतपणे सांगितलं की इमारतीखालची जागा सगळ्या सभासदांची असते, ती बिल्डरला विकता येत नाही, त्याने काहीही लिहून दिलेलं असो. चौघांनी तोंडं वाकडी केली, वकिलाला विचारून आले आणि गप्प बसले.

मग नियम ठरले. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच जागा, आणि एका घराला एकच. अकरापेक्षा मागणारे जास्त असले तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. यंदा ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याला पुढच्या वर्षी चिठ्ठीशिवाय आधी जागा. गेटजवळच्या दोन जागा पाहुण्यांच्या. दिवसा आलेल्या पाहुण्याने चार तासांत गाडी काढायची. रात्री ठेवायची असेल तर सेक्रेटरीला आधी कळवायचं आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत जागा रिकामी करायची. गेटपासून मागच्या टाकीपर्यंतची वाट अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी ठेवायची, तिथे कुणाचीच गाडी नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही. हे सगळं सभेने हात वर करून मंजूर केलं.

दंड घ्यावा का, यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी नृसिंहरावांनीच तोडगा काढला. पैसे नकोत. नियम मोडणाऱ्या घराचा नंबर लिफ्टशेजारच्या फळ्यावर आठवडाभर लिहायचा. "माणूस पैसे फेकून मोकळा होतो. चारचौघांत नाव लागलं की मात्र सुधारतो," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं.

चिठ्ठ्या काढल्या साळूबाईंनी. साळूबाई म्हणजे नृसिंहरावांच्या दारासमोर राहणाऱ्या राधाकृष्ण ठुब्यांची आई. राधाकृष्णचं मार्केट यार्डाजवळ बी-बियाण्याचं दुकान, मूळ गाव पारनेरकडचं. म्हातारीला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या हातावर कुणाला शंका घेता येत नव्हती. तिने पातेल्यात हात घालून एकेक चिठ्ठी काढली आणि अकराही जागा संपल्या, तरी तिच्या स्वतःच्या घराची चिठ्ठी पातेल्यातच राहिली. नृसिंहरावांची मात्र तिसरीच निघाली होती. सगळे हसले.

"आजी, घरच्यालाच विसरलात की!" कुणीतरी म्हणालं.

"हाताला काय डोळं हायेत व्हय?" म्हातारी म्हणाली.

राधाकृष्णही हसला. "निघाली न्हाई तर न्हाई. पुढल्या साली हायेच की आपली," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून आपली गाडी मुकाट्याने वळणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटजवळ लावू लागला. नृसिंहरावांना त्या दिवशी रात्री फार छान झोप लागली.

फळ्यावर पहिला नंबर लागला तो राधाकृष्णचाच.

त्याचा चुलतभाऊ गावाकडून पिकअपभर कांदा घेऊन आला होता. इमारतीतल्या बहुतेक घरांनी त्याच्याकडून वर्षाचा कांदा घेतला. वजन करून, पिशव्या भरून, लिफ्टने वर पोचवता पोचवता चार तास उलटून गेले. नृसिंहरावांनी संध्याकाळी खाली जाऊन खडूने लिहिलं, 'फ्लॅट ८. पाहुण्याचे वाहन वेळेपेक्षा जास्त.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

"अहो, आपलेच कांदे मोजत होता तो," त्यांच्या पत्नी दमयंतीबाई म्हणाल्या. "उशीर आपल्यामुळेच झाला."

"नियमाला कारण नसतं," नृसिंहराव म्हणाले.

तो आठवडाभर साळूबाई खाली देवळात जाताना फळ्यापुढे थांबायच्या आणि जो येईल त्याला विचारायच्या, "काय लिवलंय रं आमचं?" लोक कानकोंडे होऊन काहीतरी सांगायचे. म्हातारी मान हलवून पुढे जायची. नृसिंहरावांनी हे एकदा जिन्यातून पाहिलं होतं. त्यांना तेव्हा काही वाटलं नव्हतं.

मग अधिक महिना आला.

अधिक महिन्याचा विचार नियम करताना कुणाच्या डोक्यात आला नव्हता. हा महिना जावयांचा. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि आला की प्रत्येक सासऱ्याला जावई बोलवावा लागतो, पुरणाचे धोंडे करावे लागतात, चांदीचं काहीतरी द्यावं लागतं. लग्नानंतरचा पहिलाच असेल तर जास्तच थाट. इमारतीत मुली दिलेली बरीच घरं, आणि जावई काही एसटीने येत नाहीत. पाहुण्यांच्या दोन जागांसाठी नृसिंहरावांच्या मोबाईलवर निरोपांची रांग लागली. त्यांनी ती नीट लावली. ज्याने आधी कळवलं त्याला आधी.

राधाकृष्णने सगळ्यांच्या आधी कळवलं होतं. त्याच्या मुलीचं, स्नेहलचं, लग्न माघात झालेलं. जावई आदिनाथ घोडेगावचा, घरचा कांदा आणि दुधाचा कारभार मोठा. रविवारी दुपारी जावई, व्याही कानिफनाथ आणि विहीणबाई लंकाबाई असे सगळे येणार होते. "काका, आमचं पहिलंच धोंडं हाय. येक जागा तेवडी राखून ठिवा," तो दारात येऊन म्हणाला होता, आणि वर मोबाईलवर निरोपही पाठवला होता.

"तू काळजीच करू नकोस," नृसिंहराव म्हणाले होते. ते मनापासून म्हणाले होते.

शनिवारी संध्याकाळी त्यांचा स्वतःचा जावई आला.

अवधूत पुण्याचा. मोठ्या पगाराचा, मोठ्या गाडीचा आणि अबोल. अबोल जावयाची भीती जास्त वाटते, कारण तो रागावलाय की नुसताच बसलाय ते कळत नाही. अनन्या, त्यांची मुलगी, लग्नाच्या पहिल्या वर्षात दोनदा रडत घरी आली होती. आता सगळं सुरळीत होतं, आणि ते सुरळीतच राहावं म्हणून मुळ्यांच्या घरात अवधूतपुढे कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नव्हतं. नियमाप्रमाणे त्याची एका रात्रीची जागा ठरली होती. रविवारी दहाला ते निघणार होते.

दहाला ते निघाले नाहीत. दमयंतीबाईंनी आग्रह केला, अनन्याने आईची बाजू घेतली, आणि अवधूत म्हणाला, "जेवून जाऊ." इतकं बोलला म्हणून सगळ्यांना आनंद झाला.

नृसिंहरावांनी खिडकीतून खाली पाहिलं. एक जागा अवधूतच्या काळ्या गाडीने भरलेली. दुसरीवर पहिल्या मजल्यावरच्यांचा जावई, त्यांनीही रीतसर कळवलेलं. उपाय अगदी सोपा होता. आपली पांढरी गाडी खांबातून काढून बाहेर लावायची आणि अवधूतची तिथे आत घ्यायची. पण त्यासाठी अवधूतकडे किल्ली मागावी लागणार होती. शिवाय जागा अरुंद, खांबाला घासली तर? शिवाय आपली गाडी प्लॉटजवळच्या झाडाखाली, वर बगळ्यांचा सगळा संसार. ती त्यांनी चिठ्ठी निघाल्यापासून एकदाही बाहेर ठेवली नव्हती. जेवणं झाली की पटकन निघतीलच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि माणसाने स्वतःला सांगितलेलं माणसाला लगेच पटतं.

जेवणं झाली. धोंडे चांगले झाले होते, तूपही सढळ होतं. अवधूत हात पुसत म्हणाला, "जरा पडतो," आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून झोपला. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती.

थोड्या वेळाने इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन गोरक्षनाथ बोलत होता. "साहेब, ठुबेंचे पावने आलेत. जागा न्हाई. तुमच्या जावयांची गाडी हाय तिथं. काय करू?"

"आत वाटेत लाव थोडा वेळ," असं नृसिंहरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती वाट मोकळी राहावी म्हणून त्यांनी कोणाकोणाशी भांडण केलं नव्हतं! एका माणसाला तर आजारी मेव्हण्याला उतरवतानासुद्धा हटकलं होतं.

"थांबव त्यांना. दहा मिनिटांत काढतो," ते म्हणाले.

मग ते आतल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. हात वर केला. दारावर टकटक करायला माणसाला काय लागतं? पण अनन्या मागून आली आणि नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ते जुनं काहीतरी होतं, पहिल्या वर्षातलं. "बाबा, आत्ताच झोपलेत ओ," ती हळूच म्हणाली. नृसिंहरावांनी हात खाली घेतला.

"अहो, उठवा," दमयंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दुसऱ्याचाही जावई खाली उन्हात उभा आहे."

"तू उठव."

दमयंतीबाई पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या. त्याही गेल्या नाहीत.

खिडकीतून नृसिंहरावांना सगळं दिसत होतं. घोडेगावची पांढरी गाडी गेटच्या तोंडाशी उभी, मागे दोन मोटारसायकलवाले हॉर्न वाजवतायत, गोरक्षनाथ हात जोडतोय. राधाकृष्ण जिन्याने धावत खाली गेला. तो गोरक्षनाथशी काहीतरी बोलला, मग त्याने वर पाहिलं. थेट या खिडकीकडे. नृसिंहराव पडद्यामागे सरकले. आयुष्यात कुणापुढे मान खाली न घातलेला माणूस आपल्याच घरात पडद्याआड लपला.

गाडी मागे गेली, वळणापलीकडे, मोकळ्या प्लॉटकडे. तिथून इमारतीपर्यंतचा सगळा रस्ता उन्हाचा. लंकाबाई जरीच्या लुगड्यात, गुडघ्यावर हात देत देत चालत आल्या. राधाकृष्ण त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उलटा उलटा चालत होता. कानिफनाथ पुढे निघून गेले होते. नवा जावई आदिनाथ मागून आपल्याच बुटांकडे बघत येत होता.

ठुब्यांचं दार आणि मुळ्यांचं दार यांत चार पावलांचं अंतर. दारं उघडी असली की एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात शिंका काढते. त्या दुपारी ठुब्यांचं दार पाहुण्यांसाठी सताड उघडं होतं, आणि नृसिंहराव आपल्या बंद दाराच्या आत, चपलांच्या कपाटाला टेकून उभे होते. तिथून हलायचं त्यांना सुचत नव्हतं.

"दारात गाडी उभी कराय जागा न्हाई, तिथं पावना कशाला बोलवावा मानसानं?" हा कानिफनाथांचा आवाज. मोठा नव्हता, पण कापणारा होता. "आमच्याकडं बैलगाडीनं आलेल्याला बी आधी वाड्यात घेत्यात."

"जाऊ द्या, दादा," आदिनाथ म्हणाला.

"जाऊ द्या कसं? सूनबाई, तुझ्या बापाला इथं कोन वळखतं का न्हाई?"

स्नेहल काय बोलली ते ऐकू आलं नाही. नृसिंहराव कपाटाला टेकून वाट बघत राहिले. आता राधाकृष्ण सांगेल. महिन्याआधी कळवलं होतं, सेक्रेटरीने शब्द दिला होता, समोरच राहतो तो, त्याच्याच जावयाची गाडी खाली उभी आहे. सांगायलाच हवं. सांगितलं की सगळं मिटेल, दोष जिथला तिथे जाईल.

"चूक माझी झाली, दाजी," राधाकृष्ण म्हणाला. "सोसायटीला आदी कळवाय लागतं. मी दुकानाच्या नादात इसरलो. ह्या लोकांचा काय बी दोष न्हाई. लई चांगली मानसं हायेत."

नृसिंहरावांना आधी वाटलं की तो आपल्याला वाचवतोय. मग त्यांना खरं काय ते कळलं, आणि कानशिलं तापली. शब्द देऊनही माझ्यासाठी इथे जागा ठेवली नाही, असं व्याह्यापुढे सांगण्यापेक्षा विसरभोळा ठरणं त्याला बरं वाटलं होतं. विसरभोळ्या बापाची मुलगी सासरी टिकते. ज्याला कुणी मोजत नाही अशा बापाच्या मुलीला रोज ऐकून घ्यावं लागतं. हे नृसिंहरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण मुलीचे बाप तेही होते.

अवधूत संध्याकाळी उठला. चहा घेतला, चांदीचं ताट पिशवीत घातलं, आणि जिन्यात भेटलेल्या आदिनाथला बघून सहज हसला. काय झालं हे त्याला ठाऊकच नव्हतं. किल्ली मागितली असती तर त्याने निमूट काढून दिली असती, असं नृसिंहरावांना त्याच्या त्या हसण्यावरून वाटलं, आणि ते वाटणं सगळ्यात वाईट होतं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दमयंतीबाईंनी आग्रह केला नाही. "उद्या त्यांच्याकडे जाऊन या," इतकंच त्या म्हणाल्या.

ते गेले. राधाकृष्ण दुकानाला निघायच्या घाईत होता. "काका, बसा की," तो म्हणाला. नृसिंहरावांनी काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं, पण तोंडातून नुसतं "काल जरा..." एवढंच निघालं.

"आवो, जावई मानूस झोपल्यावर कोन उठवनार?" राधाकृष्ण म्हणाला. "मी बी उठवलं नसतं. तुमी मनाला लावून घेऊ नका." आणि तो खरंच रागावला नव्हता. रागावला असता तर बोलता आलं असतं. नृसिंहराव मान हलवून परत आले, आणि लिफ्ट रिकामी असूनही जिन्याने खाली उतरले.

खाली फळा होता. स्वच्छ, काळा. त्यांनी खिशातला खडू काढला आणि लिहिलं, 'फ्लॅट ७. पाहुण्याचे वाहन मुदतीनंतर उभे. दुसऱ्या सभासदाची कळवून ठेवलेली जागा अडवली.' शेवटचं वाक्य नियमात नव्हतं. अक्षर वेडंवाकडं आलं.

शेजारी त्यांनी विशेष सभेची नोटीस लावली. विषय एकच होता. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांच्या पाहुण्यांना पाहुण्यांच्या जागेत पहिला हक्क. ज्याला स्वतःची जागा आहे, त्याने वेळ आली तर स्वतःची गाडी बाहेर काढून त्या जागेत आपला पाहुणा घ्यायचा. लिहिताना त्यांना राहून राहून वाटत होतं की हे इतकं साधं आहे, तर ते नियम करताना का सुचलं नाही? उत्तर समोरच होतं. नियम करणाऱ्याची चिठ्ठी निघालेली होती.

दुपारपर्यंत इमारतभर बातमी झाली. लोक फळ्यापाशी येत, वाचत, एकमेकांकडे बघत आणि पुढे जात. "मुळेकाकांचं मन मोठं आहे," असं कुणी म्हणालं तेव्हा नृसिंहरावांना ते शिवीसारखं लागलं. संध्याकाळी ते आपली पांढरी गाडी खांबातून काढून वळणापलीकडे लावून आले. परत येतात तो फळ्यापुढे राधाकृष्ण उभा. त्याने खिशातून रुमाल काढला आणि लिहिलेलं पुसायला सुरुवात केली.

"अरे, काय करतोयस?" नृसिंहराव जवळजवळ ओरडले.

"काका, हे बरं दिसत न्हाई. लोक वाचत्यात. तुमच्या जावयाची गाडी म्हून समद्यांना म्हाईत झालंय. उद्या त्यांच्या कानावर गेलं तर अनन्याताईला तरास नको." त्याने आणखी एक ओळ पुसली. "आपल्या मानसांचं असं फळ्यावर लिवत न्हाईत."

गोरक्षनाथ बघत होता. लिफ्टची वाट बघणारे दोघे बघत होते. नृसिंहरावांच्या मनात क्षणभर, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं झालं. पुसू दे. त्यानेच पुसलं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

देवळातून परतलेल्या साळूबाई काठी टेकत मागे येऊन उभ्या होत्या, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"काय लिवलं हुतं रं?" त्यांनी विचारलं.

"माझा नंबर होता, आजी," नृसिंहराव म्हणाले. "माझी चूक झाली काल, म्हणून लिहिला होता."

म्हातारीने फळ्याकडे पाहिलं. अर्ध्या फळ्यावर पांढरा धुरळा होता. तिने मुलाच्या हातातला रुमाल घेतला, झटकला आणि घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

"पुसू नगं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आपलं हुतं तवा आठवडाभर हुतं. मी रोज इचारत हुते, कुनी पुसलं न्हाई."

लिफ्ट आली. कुणीच आत गेलं नाही. राधाकृष्ण "आई, चल," म्हणून तिचा दंड धरू लागला, पण ती नृसिंहरावांकडे बघत उभी राहिली. त्यांच्याकडून आता काय व्हायचं ते ठरलेलंच असल्यासारखी.

नृसिंहरावांनी खडू काढला. यावेळी त्यांनी सावकाश लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि लिहिता लिहिता तिला वाचून दाखवलं.